पाइपलाइनचं पेटी काम: विशेष अटींवर सही करावी का?

हिशेबनीस
नमस्कार. बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात छोटी बांधकामाची कामं घेतात, त्यांचे हिशेब मी बघते. एका मोठ्या कंपनीने पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनचं पेटी काम देऊ केलं आहे. सहा गावं, चौदा किलोमीटर, पाइप कंपनीचा, बाकी सगळं आपलं: खोदाई, पाइप टाकणं, जोडणी, बुजवणं, नळजोडण्या, फोडलेला काँक्रीट रस्ता पूर्ववत करणं. एकूण 48 लाखांची वर्क ऑर्डर. बाबांच्या हिशेबाने पाचेक लाख सुटतील.

वर्क ऑर्डर दोन पानांची आहे आणि तिच्या मागे अकरा पानं विशेष अटी, सगळ्या इंग्रजीत. पहिल्याच अटीत म्हटलंय की सर्वसाधारण अटी आणि विशेष अटी यांत तफावत असेल तर विशेष अटी चालतील. सर्वसाधारण अटींत मुदतवाढ, जादा कामाचा दर असं सगळं चांगलं चांगलं लिहिलंय. मग विशेष अटींत एकेक करून ते काढून घेतलंय असं मला वाटतं.

मला खटकलेल्या अटी अशा:
खोदाईचा दर 165 रुपये घनमीटर, "सर्व प्रकारच्या स्तरात".
बिलाचे पैसे कंपनीला मूळ मालकाकडून मिळाल्यावर.
उशीर झाला तर कराराच्या किमतीच्या अर्धा टक्का दर आठवड्याला, कमाल दहा टक्के.
मूळ करारातल्या सर्व अटी आपल्यालाही लागू. तो मूळ करार मात्र कोणी दाखवलेला नाही.

बाबा म्हणतात, सगळ्याच कंपन्या असंच लिहितात, कोणी वाचत नाही. सोमवारी सही करायला बोलावलंय. यातलं काय खरंच धोक्याचं आणि काय नुसतं कागदावरचं?

वऱ्हाडी_ठेचा
अकरा पानं वाचली म्हंजे तुमीच इंजिनियर झाल्या ताई. आमच्या गावात तं ठेकेदार फक्त शेवटचं पान पायते, सही कुठी हाये म्हनून.

पोकलेन_दादा
ताई, बाबा बरोबर आहेत. वीस वर्षं पेटी कामं करतोय. अटी वाचत बसलो असतो तर एकही काम मिळालं नसतं. साइट इंजिनियरशी पटलं की सगळं निभावतं. मशीन घरचं असेल तर 165 चा दर वाईट नाही, काळ्या मातीत जेसीबी धावतो. पावसाळ्यात मात्र काम लावू नका. काळी माती भिजली की नाली उभी राहत नाही, सकाळी खोदलं ते संध्याकाळी बसलेलं असतं.

ई_टेंडर_त्रस्त
सरकारी टेंडरच्या अटी बदलता येत नाहीत. बिडसोबत आपली अट जोडली की बिड बाद. जे विचारायचं ते प्री-बिड बैठकीत, लेखी. तुमची प्री-बिड कधी होती?

हिशेबनीस
@ई_टेंडर_त्रस्त, टेंडर नाही हो. सरकारी काम कंपनीने घेतलंय, कंपनी आम्हाला पेटीत देतेय. प्री-बिड वगैरे काही नाही.

ई_टेंडर_त्रस्त
अच्छा, मग ठीक. म्हणजे तुम्हाला बोलायला जागा आहे, आम्हाला तीही नसते.

मोजमाप_पुस्तक
मी एका बांधकाम कंपनीच्या कॉन्ट्रॅक्ट विभागात बरीच वर्षं होतो, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. असल्या विशेष अटी मी स्वतः टाइप केल्या आहेत. त्यामुळे त्या कशा वाचायच्या ते सांगू शकतो.

अट कडक आहे की नाही हे बघू नका. ती कोणती जोखीम कोणाच्या गळ्यात घालते ते बघा, आणि मग विचारा: ही जोखीम आवरणं कोणाच्या हातात आहे? आणि त्या जोखमीचे पैसे दरात धरलेत का? माणसं उशिरा आली म्हणून काम लांबलं तर ते बाबांच्या हातात होतं, दंड योग्यच. पाइपच उशिरा आला तर ते कंपनीच्या हातात होतं. त्याचाही दंड बाबांना बसत असेल तर ती अट कलती आहे.

चारही अटींवर लिहीन, पण आधी दोन गोष्टी सांगा. विशेष अटींच्या सुरुवातीला व्याख्या असतील. तिथे "कराराची किंमत" कशाला म्हटलंय? आणि कंपनीचं मूळ काम किती कोटींचं आहे?

उद्योगी_अमरावती
एवढं घाबरण्यासारखं काही नाही. बाबांची उद्यम नोंदणी आहे ना? मग 2006 च्या एमएसएमई कायद्याने 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. "मालकाकडून मिळाल्यावर" ही अट त्या कायद्यापुढे टिकतच नाही. दंडाचंही तसंच. करार कायद्याचं कलम 74 आहे, दहा टक्के लिहिलं म्हणून दहा टक्के कापता येत नाहीत, वाजवी तेवढीच भरपाई मिळते. बिनधास्त सही करा.

हिशेबनीस
@मोजमाप_पुस्तक काका, तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता व्याख्या पाहिल्या. लिहिलंय की "कराराची किंमत म्हणजे मूळ मालक व कंपनी यांच्यातील कराराची किंमत". मूळ काम नऊ कोटींचं आहे असं कंपनीचा माणूस म्हणाला होता. म्हणजे दंड नऊ कोटींवर??

मोजमाप_पुस्तक
हो. मला तीच शंका होती.

आता आकडे मांडा. नऊ कोटींचा अर्धा टक्का म्हणजे आठवड्याला साडेचार लाख. बाबांचा पूर्ण नफा पाच लाख. एक आठवडा उशीर झाला की नफा जवळजवळ संपला, दुसऱ्या आठवड्यात घरातून भरणं सुरू. दहा टक्क्यांची कमाल म्हणजे 90 लाख, बाबांच्या अख्ख्या कामाच्या जवळपास दुप्पट. तोच दंड बाबांच्या 48 लाखांवर लावला तर आठवड्याला 24 हजार आणि कमाल चार लाख 80 हजार. एका व्याख्येने एवढा फरक पडतो, आणि ती व्याख्या दंडाच्या कलमात नसून पान एकवर असते. म्हणून दंडाचं कलम वाचून माणूस निर्धास्त होतो.

@उद्योगी_अमरावती, कलम 74 तुम्ही म्हणता तसंच आहे, पण ते कोर्टात किंवा लवादापुढे. कंपनी कोर्टात जात नाही, ती बिलातून कापते. कोर्टाची पायरी बाबांनाच चढावी लागते. आणि लवादाचं ठिकाण कुठे लिहिलंय तेही बघा. यवतमाळ नक्की नसेल.

हिशेबनीस
हैदराबाद.

वऱ्हाडी_ठेचा
घ्या. दंड नऊ कोटीवर अन् भांडन हैदराबादले. बिर्याणीचा खर्च तरी कंपनी देते का पाहा.

जिनिंगवाला
माझाही अनुभव सांगतो. जिनिंगच्या आवारात गोदामाचं शेड उभारून घेतलं. ठेकेदाराने वर्षभर लावलं, हंगाम गेला, कापूस उघड्यावर. करारात दंडच नव्हता, त्यामुळे एक पैसा कापता आला नाही. त्यामुळे दंडाची अट ठेवणाऱ्याला लगेच व्हिलन करू नका.

मोजमाप_पुस्तक
@जिनिंगवाला, दंड असावाच. माझं म्हणणं एवढंच की तो ज्याच्या कामाचा त्याच्या किमतीवर असावा, आणि ज्याच्यामुळे उशीर झाला त्याला लागावा.

आता खोदाई. मला यातली ही सगळ्यात वाईट अट वाटते, कारण ती साधी दिसते. नालीची रुंदी-खोली काय आहे?

हिशेबनीस
रुंदी 60 सेंटिमीटर, खोली 1.1 मीटर.

मोजमाप_पुस्तक
म्हणजे मीटरला 0.66 घनमीटर, चौदा किलोमीटरला 9,240 घनमीटर. 165 ने सव्वापंधरा लाख. काळी माती आणि मुरूम असेपर्यंत दर ठीक आहे, पोकलेन दादा म्हणतात त्याप्रमाणे. पण तुमच्या भागात मातीखाली बेसॉल्ट आहे. कठीण खडक लागला की जेसीबीच्या बकेटने काम होत नाही, ब्रेकर लावावा लागतो. गावात घरांच्या भिंतींना लागून सुरुंग लावता येत नाही, म्हणून ब्रेकरशिवाय मार्ग नाही. दादा, तुमच्याकडे सध्या ब्रेकरने कठीण खडक कितीला पडतो?

पोकलेन_दादा
गल्लीत, अरुंद नालीत? डिझेल, ऑपरेटर, चिझलची झीज धरून घनमीटरला साडेनऊशेच्या खाली नाही. मोकळ्या रानात थोडं कमी.

मोजमाप_पुस्तक
950 धरू. म्हणजे खडकाच्या प्रत्येक घनमीटरला 785 रुपये खिशातून. चौदा किलोमीटरमध्ये सात टक्के खडक निघाला तरी साधारण 647 घनमीटर, पाच लाखांच्या वर तोटा. बाबांचा नफा तिथेच शून्य. पंधरा टक्के निघाला तर जवळपास अकरा लाख.

आता यातली मेख. कंपनीचं मूळ काम सरकारी आहे. अशा कामाच्या दरपत्रकात माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक या बाबी सहसा वेगवेगळ्या असतात, प्रत्येकीला वेगळा दर. तसं असेल तर खडक लागल्यावर कंपनीला खडकाचा दर मिळणार आणि बाबांना मातीचा. जोखीम खाली ढकलली आणि तिचे पैसे वर ठेवले. हे बघायचं म्हणूनच मूळ करार मागायचा. कंपनी देत नसेल तर mahatenders.gov.in वर जुनी निविदा शोधून बघा, किंवा माहिती अधिकारात अर्ज करा. बी-1 नमुन्यातलं टेंडर असेल तर परिशिष्ट ब मध्ये बाबनिहाय सगळं सापडेल.

विहीरखोद्या
मी काही कंत्राटदार नाही, विहिरी खोदतो. त्या पट्ट्यात नदीकडची गावं आणि टेकडीकडची गावं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नदीकडे पंधरा फुटांपर्यंत काळी माती-मुरूम. टेकडीकडे गावठाणातच तीन फुटांवर काळा पत्थर लागतो, नाली तर साडेतीन फुटांच्या वर आहे तुमची. गावोगावच्या विहिरीवाल्यांना विचारा, कितव्या फुटाला पत्थर लागला ते शेतकऱ्यांच्या तोंडावर असते. गावाच्या बाहेर शेतात विहीर पाहून गावातला अंदाज मात्र बांधू नका. गावठाण बहुतेक वर उंचावर असते, तिथे माती पातळ.

पोकलेन_दादा
हे विहीरवाल्या भाऊंचं पटलं. मागे एका कामात आम्ही नदीकडच्या गावापासून सुरुवात केली, दर भारी वाटला. शेवटच्या गावात ब्रेकर महिनाभर हलला नाही. तरी मी म्हणतो, साइट इंजिनियर चांगला असेल तर तो खडक मोजून देतो.

मोजमाप_पुस्तक
दादा, करारात "सर्व स्तर" असेल तर तो मोजून देईल आणि वरचा काढून टाकेल. त्याच्या हातातच नाही. आणि तो इंजिनियर सहा महिन्यांत दुसऱ्या साइटला जातो.

@हिशेबनीस, सहीच्या आधी प्रत्येक गावात चार-पाच चाचणी खड्डे घ्या, नालीच्या खोलीएवढे. अर्धे गावठाणात, अर्धे गावाबाहेरच्या रस्त्याने. जेसीबीचे थोडे तास लागतील, पण दर बोलायला हातात काहीतरी असेल. प्रत्येक खड्ड्याचा फोटो टेप आत सोडून काढा.

खंडपीठ_वारी
नागपूरला वकिली करते. @उद्योगी_अमरावती यांच्या पोस्टवर थोडं, कारण ताई त्यावर विसंबून सही करतील.

एमएसएमई कायद्यातल्या 45 दिवसांबद्दल: कलम 15 मध्ये हे आहे, व्याज आणि थकलेल्या पैशांची तक्रार ऐकणारी फॅसिलिटेशन कौन्सिलही आहे. पण वर्क्स कॉन्ट्रॅक्ट त्या कायद्यात बसतं का यावर वाद आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते बसत नाही असं म्हटलेलं आहे. तुमच्या कामात मजुरी, सामान, बांधकाम सगळं मिसळलेलं आहे. त्यामुळे कौन्सिलकडे गेलात तर कंपनीचा पहिला आक्षेप हाच असेल. दुसरं, उद्यम नोंदणी करारानंतर केली तर आधीच्या कामाला तिचा फायदा मिळेलच असं नाही. आज नसेल तर सोमवारच्या आधी करा.

तरी एक गोष्ट उपयोगी पडते, आणि तिला कोर्ट लागत नाही. आयकर कायद्यात आर्थिक वर्ष 2023-24 पासून आलेल्या नियमाप्रमाणे, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच. इथेही व्याख्या एमएसएमई कायद्याचीच लागते, त्यामुळे वर्क्स कॉन्ट्रॅक्टचा तोच वाद काढता येतो. पण कंपनीचे सीए हा धोका सहसा पत्करत नाहीत, आणि मार्च जवळ आला की फोन उचलले जातात. बोलणी करताना हे सांगा, कायद्याची धमकी म्हणून नव्हे, सीएच्या भाषेत.

लवाद हैदराबादला असेल तर बदलून यवतमाळ किंवा नागपूर मागा. लवाद एकट्या कंपनीने नेमायचा असं लिहिलेलं असेल तर ते 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर टिकत नाही. पण तेवढ्यासाठी भांडण करत बसू नका, तिथे ते आपोआप सुटतं. ठिकाण मात्र आपोआप सुटत नाही.

उद्योगी_अमरावती
वर्क्स कॉन्ट्रॅक्टचा मुद्दा माहीत नव्हता. माझ्या एका मित्राला कौन्सिलमधून पैसे मिळालेत, पण तो पाइप पुरवतो.

खंडपीठ_वारी
पुरवठादार होता म्हणून. तिथे वाद नाही.

वऱ्हाडी_ठेचा
म्हंजे खड्डा खोदनाऱ्यापेक्षा पाइप इकनारा सुखी. आता समजलं गावात एवढे हार्डवेअरचे दुकान काहून हाये.

हिशेबनीस
सगळ्यांचे आभार. "मालकाकडून मिळाल्यावर" या अटीचं काय करायचं पण? जलजीवनच्या बिलांचं काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. कंपनीचेच पैसे अडकले तर? त्यांनीही घरातून का द्यावेत असं ते म्हणतात, आणि ते मला अगदीच चुकीचं वाटत नाही.

मोजमाप_पुस्तक
प्रश्न बरोबर आहे आणि त्याला सरळ उत्तर नाही. शासन पैसे कधी सोडेल ते ना कंपनीच्या हातात, ना बाबांच्या. पण कंपनी कार्यालयात जाऊन बसू शकते, पत्र लिहू शकते, बँकेकडून उचलू शकते. बाबांना कार्यालयात कोणी ओळखणारही नाही, कारण तिथल्या कागदावर त्यांचं नावच नाही. म्हणून ही जोखीम जास्त कंपनीची. शिवाय या अटीत एक छुपी गोष्ट आहे. कंपनीचं बिल तिच्याच चुकीने अडलं, समजा टाकीचं काम निकृष्ट म्हणून, तरी बाबांचे पैसे थांबतात.

पूर्ण अट काढा म्हटलं तर ते ऐकणार नाहीत. मधला रस्ता असा: "मालकाकडून मिळाल्यावर किंवा मोजमापानंतर 45 दिवस, यातलं जे आधी येईल ते". हेही नाकारलं तर दुसरी ओळ मागा: दोन बिलं थकली की काम थांबवायचा हक्क, आणि थांबलेल्या काळाची मुदतवाढ दंडाशिवाय. पैसे देत नाहीत आणि थांबलात तर दंड, अशा चिमट्यात सापडू नका. महिन्याला आठ लाखांचं काम धरलं तर दोन बिलांत 16 लाख बाहेर. तेवढे बाबांना झेपतात का, हे तुम्हालाच माहीत.

तुमचे हिशेब आहेत म्हणून विचारतो, बिल कोणत्या टप्प्यांत मिळणार आहे?

हिशेबनीस
70 टक्के पाइप टाकून बुजवल्यावर, 15 टक्के दाबचाचणीनंतर, 15 टक्के नळजोडण्या चालू झाल्यावर. प्रत्येक बिलातून 5 टक्के अनामत, मूळ कामाचं अंतिम बिल झाल्यावर परत.

मोजमाप_पुस्तक
चाचणीला पाणी कोण देणार ते लिहिलंय का?

हिशेबनीस
"चाचणीसाठी लागणारी सर्व साधनसामग्री पेटी कंत्राटदाराची."

मोजमाप_पुस्तक
हे नीट बघा. टाकी आणि विहीर दुसऱ्याकडे असेल, आणि ती तयार नसेल, तर लाइन भरायला पाणीच नाही. तुमची लाइन तयार, चाचणी नाही, 30 टक्के अडकले, म्हणजे 14 लाख 40 हजार. 110 मिलिमीटरच्या पाइपला किलोमीटरला साधारण साडेसात हजार लिटर लागतं. टँकरने तुकड्यातुकड्याने चाचणी होते, पण ती मान्य करायला इंजिनियर तयार हवा. अट अशी मागा: लाइन तयार असल्याचं लेखी कळवल्यापासून 30 दिवसांत कंपनीमुळे चाचणी झाली नाही तर ती झाली असं धरून पैसे द्यावेत.

अनामतही तशीच. 5 टक्के म्हणजे दोन लाख 40 हजार, ते मूळ कामाच्या अंतिम बिलापर्यंत. मूळ काम कधी संपेल कोण सांगणार? तुमच्या कामाच्या पूर्णत्वापासून बारा महिने असं मागा.

जिनिंगवाला
एवढ्या मागण्या केल्या तर कंपनी दुसरा ठेकेदार बघेल. गावात रांग लागली आहे. व्यवहारी बोला.

पोकलेन_दादा
हेच मी म्हणतोय. सगळं मागाल तर काहीच मिळणार नाही. दोन-तीनच मागा.

मोजमाप_पुस्तक
मान्य आहे. मी पलीकडे बसायचो तेव्हा कोणी दहा मागण्या घेऊन आला की मी फाइल बंद करायचो. तीन घेऊन आला आणि सोबत फोटो, आकडे असले की दोन द्यायचो. माझा क्रम: दंडाची व्याख्या, खडकाचा दर, दोन बिलं थकली की थांबायचा हक्क. बाकी मिळालं तर ठीक. दंडाची व्याख्या बहुधा लगेच मिळेल, कारण ती बऱ्याचदा कोणी जाणूनबुजून लिहिलेली नसते. मोठ्या उपकंत्राटासाठी केलेला नमुना लहानाला चिकटवलेला असतो.

बरबटी_उसळ
अवांतर: कोणाला यवतमाळला चांगला सीए माहीत आहे का जो जीएसटीत वर्क्स कॉन्ट्रॅक्ट करतो?

खंडपीठ_वारी
वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

हिशेबनीस
अपडेट देते. सोमवार पुढे ढकलून घेतला. तोवर चाचणी खड्डे घेतले, विहीरखोद्या दादांनी सांगितलं तसंच निघालं. नदीकडच्या दोन गावांत खड्डे तळापर्यंत काळी माती आणि मुरूम. टेकडीकडच्या दोन गावांत बहुतेक खड्डे दोन-अडीच फुटांवर थांबले. मधली दोन मिसळ.

निविदाही सापडली. काका, तुम्ही म्हणालात तसं, कठीण खडकाची बाब वेगळी आहे आणि दर आपल्या 165 च्या कितीतरी पट. फोटो आणि ते पान घेऊन बाबांबरोबर मी गेले. बाबांनी मलाच बोलायला लावलं.

दंड: वर्क ऑर्डरच्या किमतीवर, लगेच मान्य. खडक: वेगळी बाब द्यायला नकार. पण एकूण खोदाईच्या पाच टक्क्यांपर्यंत खडक आमच्याकडे, त्याच्या वर 700 रुपये घनमीटर. पैशांची अट बदलली नाही. दोन बिलं थकली की थांबा, आम्ही काही म्हणणार नाही, असं व्यवस्थापक तोंडी म्हणाले. लिहून द्यायला तयार नाहीत.

मग बाबांनी अचानक वेगळंच काढलं. म्हणाले, सहा गावं नकोत, नदीकडची दोन द्या, पाच किलोमीटर, बाकीचं नंतर बघू. त्यांनी हो म्हटलं.

पोकलेन_दादा
बाबा हुशार निघाले. टेकडी दुसऱ्याच्या गळ्यात.

मोजमाप_पुस्तक
बाबांनी जे केलं ते माझ्या यादीत नव्हतं, आणि ते माझ्या यादीपेक्षा चांगलं आहे. अट बदलत नसेल तर तिच्याखाली अडकणारी रक्कम कमी करता येते.

तरी नव्या आकड्यांवर हिशेब करून ठेवा. पाच किलोमीटरची खोदाई 3,300 घनमीटर. पहिले पाच टक्के, म्हणजे 165 घनमीटर खडक फुकटात, एक लाख 30 हजार गेले. त्यापुढे प्रत्येक घनमीटरला 250 चा तोटा. या दोन गावांचा नफा पावणेदोन लाखांच्या आसपास धरला तर अकरा टक्के खडकाला तो संपतो. आधी सात टक्क्यांना संपत होता. नदीकडच्या गावांत अकरा टक्के निघणार नाहीत असं खड्डे सांगतात, पण खड्डे दोन गावांत मिळून आठ-दहाच. नालीत खडक लागला की त्याच दिवशी इंजिनियरला बोलावून संयुक्त मोजणी करा, साखळी क्रमांक, लांबी, खोली, आणि कागदावर सही. बुजवल्यावर खडक कोणी मान्य करत नाही.

खंडपीठ_वारी
तोंडी शब्दाबद्दल. विशेष अटींत "या कराराबाहेरचं कोणतंही आश्वासन बंधनकारक नाही" अशी ओळ शोधा, हमखास असते. ती असली तर व्यवस्थापकांच्या शब्दाला किंमत नाही. निदान त्या दिवशीच त्यांना मेल पाठवा: "आज चर्चेत ठरल्याप्रमाणे दोन बिलं थकल्यास काम थांबवता येईल, काही वेगळं असल्यास कळवावे." उत्तर आलं नाही तरी मेल राहतो. तो करार बदलतो असं मी म्हणत नाही. पण पुढे दंडावरून वाद झाला तर उशीर कशामुळे झाला हे दाखवायला तो कामी येतो.

हिशेबनीस
ती ओळ आहे, अट 31. मेल आजच पाठवते. दंड आणि खडकाचे बदल त्यांनी पेनाने केले आहेत, चालेल ना?

खंडपीठ_वारी
चालेल, पण प्रत्येक बदलाशेजारी दोघांच्या आद्याक्षरी सह्या हव्यात, आणि त्यांच्याकडच्या प्रतीतही तेच बदल. दोन्ही प्रती शेजारी ठेवून बघा. पान एकवरची व्याख्या बदलली का? नुसतं दंडाचं कलम बदललं आणि व्याख्या तशीच राहिली तर पुन्हा वाद.

हिशेबनीस
व्याख्या तशीच आहे. दंडाच्या कलमात "वर्क ऑर्डरची किंमत" असं घातलंय फक्त.

खंडपीठ_वारी
मग दंडापुरतं ठीक. पण "कराराची किंमत" हे शब्द उरलेल्या अटींत आणखी कुठे आहेत ते शोधा. नुकसानभरपाईच्या अटीत, काम काढून घेण्याच्या अटीत असू शकतात. तिथे अजून नऊ कोटीच चालू आहेत.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, पुढच्या बारीले माह्या घराचं पेटी काम निंगालं की तुमीच वाचा. फी म्हनून झुनका-भाकर.

हिशेबनीस
अट 17 आणि 24. दोन्हींत आहे. उद्या सकाळी पुन्हा जाते.

ई_टेंडर_त्रस्त
उरलेली चार गावं कोणी घेतली कळलं तर सांगा. आमच्या ओळखीतला एक जण परवाच सही करून आलाय.